परदेशी पाठवलेला पैसा वाटेत कुठे अडतो?

बँकॉकमधल्या व्यापाऱ्याला दुबईतल्या पुरवठादाराचे पैसे चुकते करायचे आहेत, असे समजा. तो आपल्या बँकेत बाट भरतो. त्या बँकेचे दुबईच्या बँकेशी थेट खाते क्वचितच असते, म्हणून मध्ये डॉलर येतो आणि त्याच्याबरोबर न्यूयॉर्कमधली एखादी मोठी बँक. नोटा कुठेच जात नाहीत. निरोप जातो आणि प्रत्येक बँक आपल्या खातेवहीत नावे-जमा करते. प्रत्येक टप्प्यावर व्यवहाराची तपासणी नव्याने होते, शुल्क कापले जाते. बँकॉकमध्ये बँका बंद होतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जेमतेम उजाडत असते. शिवाय बँकांना परदेशातल्या खात्यांत रक्कम आधीच भरून ठेवावी लागते. त्या अडकलेल्या पैशाचे व्याज शेवटी ग्राहकाच्याच माथी येते.

याहून गंभीर धोका 26 जून 1974 रोजी दिसला. कोलोनच्या हेरस्टाट बँकेला समोरच्या बँकांनी जर्मन मार्क देऊन टाकले होते. बदल्यात डॉलर मिळण्याआधीच जर्मन नियामकांनी ती बँक बंद केली. चलनाची एक बाजू पोहोचली, दुसरी राहूनच गेली. पुढे 2002 मध्ये प्रमुख चलनांसाठी दोन्ही बाजू एकदमच चुकत्या करणारी सीएलएस ही व्यवस्था उभी राहिली, पण तिच्यात बाट, दिऱ्हाम आणि युआन नाहीत.

नेमकी हीच उणीव भरण्यासाठी हाँगकाँग, थायलंड, चीन आणि संयुक्त अरब अमिराती यांच्या मध्यवर्ती बँकांनी बासेलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सबरोबर ‘एम-ब्रिज’ उभारला. त्यात प्रत्येक मध्यवर्ती बँक एकाच सामायिक खातेवहीत आपले डिजिटल चलन काढते. बँकॉकची बँक आपली राखीव रक्कम देऊन डिजिटल बाट घेते आणि त्यांच्या बदल्यात डिजिटल दिऱ्हाम मिळवते. दोन्ही नोंदी एकत्रच होतात. एक झाली नाही तर दुसरीही होत नाही. मग ते दिऱ्हाम थेट दुबईच्या बँकेकडे जातात. मध्ये कोणतीच बँक नाही, त्यामुळे दिवसांचे काम काही सेकंदांत उरकते. 2022 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या चाचणीत 20 व्यापारी बँकांनी खऱ्या पैशाचे 160 हून अधिक व्यवहार केले. त्यांची एकूण किंमत 2 कोटी 20 लाख डॉलरहून अधिक होती.

खर्चाच्या बाबतीत मात्र मला घाईने आनंद मानवत नाही. त्या चाचणीत विनिमयाचा दर बँकांनी व्यासपीठाबाहेर आपसात ठरवला होता. बाट घेऊन दिऱ्हाम द्यायला कोणी तयारच नसेल, किंवा तो त्यासाठी जास्त फरक मागत असेल, तर वेगवान खातेवही काय करणार? डॉलर मधे येतो तो याचसाठी, कारण त्याला गिऱ्हाईक कधीही सापडते. मनी लाँडरिंगविरोधी तपासणीही सुटत नाही, फक्त ती करणाऱ्या बँका कमी होतात. पहाटे तीनला डिजिटल बाट हवे असतील तर बँक ऑफ थायलंडची देशांतर्गत यंत्रणाही त्या वेळी चालू असावी लागते.

ऑक्टोबर 2024 मध्ये बासेलची संस्था या प्रकल्पातून बाहेर पडली. तोवर सौदी अरेबियाची मध्यवर्ती बँक त्यात दाखल झाली होती. आता कारभार सहभागी देशांच्या हाती आहे, आणि नियम कोणी ठरवायचे, वाद कोणत्या कायद्याने सोडवायचे, हेही त्यांनाच आपसात ठरवावे लागणार आहे.