राउटर ‘मेला’, पण कितपत?

अपडेटची पट्टी अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात वीज गेली. परत आली तेव्हा राउटरचा पॉवरचा दिवा नुसता लुकलुकत होता आणि नेट बंद. दुकानदार अशा राउटरला ‘मेला’ म्हणतो आणि लगेच नवा दाखवतो. पण बहुतेक वेळा राउटरचा जीव शाबूत असतो.

राउटरच्या मेमरीत दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी असतात. एक फर्मवेअर, म्हणजे अपडेटमध्ये बदलतं ते. दुसरा बूटलोडर, वीज लागताच सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम. नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला हात लागत नाही. फर्मवेअर बिघडलेलं दिसलं की तो नव्या फाइलची वाट पाहत थांबतो.

नेटगिअरच्या आर ७००० या राउटरचं उदाहरण घेऊ. अपडेटआधी राउटरच्या पानावरून सेटिंग्जची बॅकअप फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. मात्र ती फाइल आपल्याला वाचता येत नाही, आणि दुसऱ्या आवृत्तीचं फर्मवेअर ती नीट स्वीकारेलच असं नाही. म्हणून इंटरनेट कंपनीने दिलेलं पीपीपीओई युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. व्हीलॅन क्रमांक असेल तर तोही. माझ्या मते फाइलपेक्षा ही वहीच जास्त कामाची. नव्या फर्मवेअरसोबत सध्या चालत असलेल्या आवृत्तीचीही फाइल उतरवा, कारण राउटर बंद पडल्यावर ती आणायला नेट नसतं. अपडेट वायफायवरून नको, केबल लावून करा.

तरीही राउटर सुरू झाला नाही, तर केबल पिवळ्या इंटरनेट पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. कॉम्प्युटरला 192.168.1.10 हा पत्ता आणि 255.255.255.0 हा सबनेट मास्क स्वतः द्या. मग विचारा:

```
ping 192.168.1.1
```

उत्तरात TTL=100 आलं, तर बोलतोय तो बूटलोडर. TTL=64 आलं, तर फर्मवेअर चालू आहे आणि गडबड सेटिंग्जमध्ये असावी.

बूटलोडर बोलत असेल, तर राउटर बंद करा, रिसेटचं बटण दाबून धरून चालू करा आणि पॉवरचा दिवा दहाएक वेळा लुकलुकला की सोडा. विंडोजमध्ये ‘TFTP Client’ आधी सुरू करून ठेवलेला हवा. फाइलचं नाव सोपं करून घ्या:

```
tftp -i 192.168.1.1 put r7000.chk
```

फाइल काही सेकंदांत जाते, पण ती मेमरीत लिहायला काही मिनिटं लागतात. इथेच धीर सुटून लोक प्लग काढतात. राउटर आपणहून सुरू होऊ द्या, मग फॅक्टरी रिसेट करा. बॅकअप घेतानाचीच आवृत्ती परत टाकली असेल तर बॅकअप फाइल चढवा, नाहीतर वही उघडा.

आणि पिंगला कशानेच उत्तर येत नसेल, तर बूटलोडरही गेला असण्याची शक्यता आहे. मग राउटर उघडून आतल्या सिरियल पिनांना वायर जोडावी लागते. तो उद्योग हौशी माणसाचा. बाकीच्यांनी दुकानदाराचं ऐकावं.