भारांची बेरीज आणि फसवी सरासरी

एका विद्यार्थ्याला सहामाही परीक्षेत, वार्षिक परीक्षेत आणि तोंडी परीक्षेत शंभरांपैकी साठ-साठ गुण मिळाले. त्याचा अंतिम निकाल किती असावा? साठ, हे कोणीही सांगेल. परंतु निकालपत्रकात ६३ हा आकडा आला. शिक्षकाने सहामाहीला ३०, वार्षिकीला ५० आणि तोंडीला २५ टक्के भार दिला होता. प्रत्येक गुणसंख्येला तिच्या भाराने गुणून शंभरने भागले असता १८, ३० आणि १५ हे आकडे मिळतात. त्यांची बेरीज ६३ होते. गुणाकार बरोबर आहेत, बेरीजही बरोबर आहे. दोष एवढाच की भारांची बेरीज १०० नसून १०५ आहे. भागाकार शंभरने केला गेला, तो एकशे पाचने व्हावयास हवा होता.

भारित सरासरीचा सारा व्यवहार या एका नियमावर उभा आहे: गुणाकारांच्या बेरजेला भारांच्या बेरजेने भागावे. भारांची बेरीज १०० असते तेव्हा शंभरने भागतात; बेरीज १ असते तेव्हा भागण्याचे कारणच उरत नाही. ही सोय अंगवळणी पडली की मूळ नियमाचा विसर पडतो, आणि भार किंचित ढळले तरी भाजक मात्र शंभरच राहतो.

ग्रामीण आणि नागरी भार

हा दोष किंमतींच्या निर्देशांकात कसा शिरू शकतो, ते भारतातील ग्राहक किंमत निर्देशांकाच्या भारांवरून स्पष्ट होते. २०१२ हे आधारवर्ष मानून जी मालिका २०१५ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तिच्यात कुटुंबाचा खर्च काही मुख्य गटांत विभागला होता. ज्या गटावर खर्च अधिक, त्याचा भार अधिक. गावातील आणि शहरातील खर्चाची रीत वेगळी असल्यामुळे दोन्हींचे भारही वेगळे होते. ग्रामीण मालिकेत निवासाचा गट नव्हता.

| गट | ग्रामीण | नागरी |
|---|---|---|
| खाद्यपदार्थ व पेये | ५४.१८ | ३६.२९ |
| पान, तंबाखू व मादक पदार्थ | ३.२६ | १.३६ |
| कापड व पादत्राणे | ७.३६ | ५.५७ |
| निवास | — | २१.६७ |
| इंधन व दिवाबत्ती | ७.९४ | ५.५८ |
| संकीर्ण | २७.२६ | २९.५३ |
| एकूण | १००.०० | १००.०० |

आता समजा, दशांश अपूर्णांकांचा त्रास नको म्हणून कोणी हे भार जवळच्या पूर्णांकात लिहिले. ग्रामीण भार ५४, ३, ७, ८ आणि २७ असे होतात. नागरी भार ३६, १, ६, २२, ६ आणि ३० असे होतात. प्रत्येक आकडा नियमानुसारच बदलला आहे. पण ग्रामीण बेरीज ९९ भरते आणि नागरी बेरीज १०१. याचे कारण उघड आहे. ग्रामीण भारांपैकी चारांचे अपूर्णांक गळाले आणि एकच भार वर गेला. नागरी भारांपैकी चार वर गेले आणि दोनच खाली आले. घट आणि वाढ यांचा मेळ बसलाच पाहिजे, असा काही नियम नाही.

समजा, गावात आणि शहरात प्रत्येक गटाचा निर्देशांक नेमका १५० आहे. म्हणजे सर्वत्र किंमती आधारवर्षाच्या दीडपट झाल्या आहेत. शंभरने भागणाऱ्याला ग्रामीण निर्देशांक १४८.५ आणि नागरी निर्देशांक १५१.५ मिळेल. शहरात महागाई गावापेक्षा अधिक आहे, असा निष्कर्ष निघेल. वस्तुतः त्यात तिळमात्र तथ्य नाही. ९९ ने आणि १०१ ने भागताच दोन्हीकडे १५० येतात.

ही चूक दीर्घकाळ लपून राहू शकते. समजा, नागरी गटांचे सर्व निर्देशांक आदल्या वर्षी १४० होते. चुकीच्या रीतीने आदल्या वर्षीचा आकडा १४१.४ आणि यंदाचा १५१.५ येतो. या दोहोंवरून वाढीचा दर काढला तर तो सुमारे ७.१ टक्के भरतो, आणि खरा दरही तेवढाच आहे. कारण दोन्ही वर्षांचे आकडे एकाच प्रमाणात फुगलेले आहेत. दर बरोबर येत असल्याने कोणाला शंका येत नाही. दोन वेगळ्या मालिका शेजारी ठेवल्या की मगच दोष बाहेर पडतो.

एखादा गट गळाला तर

याहून मोठा घोटाळा एका महिन्यात एखाद्या गटाची माहितीच न आल्यास होतो. नागरी निर्देशांकातून निवास वगळला आणि भागाकार शंभरनेच केला, तर उरलेले सर्व गट १५० वर असूनही उत्तर ११७.५ येते. न आलेली माहिती शून्य किंमत म्हणून मोजली गेली. येथे एक खूण उपयोगी पडते: सरासरी ही सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांच्या दरम्यानच असली पाहिजे. ती बाहेर गेली तर भार तपासावेत.

उरलेल्या भारांच्या बेरजेने, म्हणजे ७८.३३ ने भागले की १५० मिळतात. गणित सुधारते; परंतु त्यात एक गृहीत दडलेले असते. असे भागणे म्हणजे निवासाचा खर्चही इतर गटांच्या सरासरीएवढाच वाढला असे मानणे होय. घरभाड्याचा निर्देशांक प्रत्यक्षात १२० असेल, तर खरे उत्तर सुमारे १४३.५ आहे. म्हणून माहिती न आलेल्या गटाविषयी काय मानले, ते सांगणे आवश्यक ठरते. २०२० च्या टाळेबंदीत किंमतींची प्रत्यक्ष नोंद थांबली, तेव्हा एप्रिल आणि मे महिन्यांचा सर्वसाधारण निर्देशांक नेहमीप्रमाणे प्रसिद्ध झाला नाही. त्या महिन्यांसाठी पुढे अनुमानित आकडे देण्यात आले.

तपासणी केव्हा करावी

सर्व गटांच्या जागी १०० हा आकडा घालून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे. उत्तर १०० आले नाही, तर भार आणि भाजक यांचा मेळ नाही असे समजावे. खऱ्या आकड्यांवरून हा दोष नेहमी दिसत नाही, कारण ते विखुरलेले असले की चुकीचे उत्तरही त्यांच्या दरम्यान बसू शकते.

मात्र ही परीक्षा भारांच्या बेरजेने भागण्यापूर्वी घ्यावी. समजा, नकलून घेताना खाद्यपदार्थांचा ३६.२९ हा भार ६३.२९ असा लिहिला गेला. नागरी बेरीज १२७ होईल. तिने भागताच शंभरांची परीक्षा निर्विघ्न पार पडेल. पण खाद्यपदार्थांचे महत्त्व अवाजवी वाढलेले तसेच राहील. भागाकाराने बेरजेचा दोष झाकला, भाराचा दोष दुरुस्त केला नाही. जमाखर्च तपासणाऱ्यांना एक जुनी खूण ठाऊक असते: शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की पडणाऱ्या फरकाला नवाने भाग जातो. येथे फरक २७ आहे. अशा वेळी भागाकाराची घाई न करता मूळ तक्त्यातील आकडे एकेक ताडून पाहणे हाच उपाय होय.

बेरीज शंभर न भरण्याची कारणे अशी तीन निघतात, आणि त्यांवरचे उपाय निरनिराळे आहेत. अपूर्णांक गळाले असतील तर भारांच्या बेरजेने भागणे पुरते. गट गळाला असेल तर भागावे आणि मानलेली गोष्ट नोंदवावी. भारच चुकला असेल तर भागू नये. तो भार दुरुस्त करावा. निकालपत्रकातील १०५ हे याच तिसऱ्या प्रकारात मोडू शकतात: तोंडी परीक्षेचे २५ हे मुळात २० असतील, तर एकशे पाचने भागल्याने सर्वत्र साठ मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा निकाल बरोबर येईल, पण ज्याचे तोंडी गुण इतर गुणांपेक्षा कमी आहेत त्याच्यावर अन्याय तसाच राहील.