पिन झाकणारा हात

एटीएम कार्डाच्या मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीत कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि पडताळणीचे काही आकडे साठवलेले असतात. पिन मात्र त्या पट्टीत नसतो. त्यामुळे स्किमिंग करणाऱ्याला दोन चोऱ्या कराव्या लागतात. कार्ड आत सरकवण्याच्या खाचेवर तो एक पातळ वाचकयंत्र बसवतो आणि पट्टीची नक्कल मिळवतो. पिनसाठी तो छुपा कॅमेरा लावतो, खऱ्या कीपॅडवर खोटा कीपॅड चिकटवतो किंवा सरळ मागे उभा राहून आकडे पाहतो. दुसरी चोरी फसली, तर नक्कल केलेल्या कार्डावर एटीएममधून पैसे निघत नाहीत.

ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरममधील एका एटीएम केंद्रात असाच प्रकार घडला. परदेशी टोळीने तिथे धूरसूचक यंत्रासारखे दिसणारे उपकरण बसवले होते आणि त्यात कॅमेरा दडवला होता. ग्राहकांच्या खात्यांतले पैसे पुढे मुंबईतल्या एटीएममधून काढले गेले. कार्ड खिशातच असताना पैसे गेल्याचे लोकांना बँकेच्या संदेशांवरून कळले. त्यानंतर देशात चिपची कार्डे सक्तीची झाली. चिपची नक्कल करणे फार अवघड असते. पण बहुतेक कार्डांवर पट्टी अजून आहेच, आणि जिथे यंत्र पट्टीवर व्यवहार स्वीकारते तिथे धोका उरतो.

म्हणून कार्ड घालण्याआधी खाच बोटांनी धरून हलवून पाहावी. खरी खाच यंत्राचाच भाग असल्याने हलत नाही. वरून चिकटवलेली सैल लागते, तिच्या कडेला गोंद किंवा रंगाचा फरक दिसतो. कीपॅड जाड, उंच किंवा दाबायला विचित्र वाटला तर तिथे व्यवहार करू नये. कीपॅडच्या वर किंवा बाजूला एखादी अनोळखी पट्टी, डबी किंवा बारीक छिद्र आहे का, हेही पाहावे.

चांगले बसवलेले उपकरण मात्र नजरेतून सुटू शकते. अशा वेळी सर्वांत उपयोगी सवय साधी आहे: पिन दाबताना दुसऱ्या हाताच्या तळव्याने कीपॅड वरून आणि बाजूंनी झाकणे. कॅमेरा आणि मागचा माणूस, दोघांनाही त्यामुळे आकडे दिसत नाहीत. खोट्या कीपॅडपुढे मात्र ही सवय उपयोगी पडत नाही, म्हणून आधीची तपासणी टाळू नये.

खांद्यावरून डोकावणारा पुष्कळदा मदतनीस बनून येतो. “काका, मशीन अडकलंय, पुन्हा पिन टाका,” असे सांगत तो आकडे पाहतो आणि बोलण्याच्या ओघात कार्डही बदलतो. ही फसवणूक वृद्धांच्या बाबतीत विशेष क्रूर असते. अनोळखी माणसाच्या हाती कार्ड देऊ नये, आणि परत घेतलेल्या कार्डावरचे नाव लगेच वाचावे.

न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला, तर आधी कार्ड बंद करावे, मग बँकेत लेखी तक्रार द्यावी आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही.