नफा वाढला, पण कशाने? दोन वर्षांचा फरक दाखवणारा धबधबा आलेख

संचालक मंडळापुढे किंवा बँकेपुढे ताळेबंद मांडताना एक प्रश्न हमखास येतो: गेल्या वर्षीपेक्षा नफा इतका वाढला, तो नेमका कशामुळे? दोन वर्षांचे दोन उभे स्तंभ शेजारी ठेवले तर वाढ दिसते, तिचे कारण दिसत नाही. कारण दाखवण्यासाठी जी आकृती वापरतात तिला वॉटरफॉल चार्ट, म्हणजे धबधबा आलेख म्हणतात. दूधसागर पाहिलेल्या वाचकाला हे नाव थोडे खटकेल, कारण या धबधब्यात पाणी खाली पडते तसे वरही चढते. डावीकडे गेल्या वर्षीच्या नफ्याचा खांब, उजवीकडे यंदाच्या नफ्याचा खांब, आणि मधे अधांतरी तरंगणाऱ्या पायऱ्या. प्रत्येक पायरी आधीची जिथे संपली तिथून सुरू होते. नफा वाढवणारी वर जाते, घटवणारी खाली येते आणि शेवटची पायरी उजव्या खांबाच्या माथ्याला येऊन टेकते.

हे पडद्यावर उभे करायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पायऱ्या कोणत्या करायच्या हे ठरवायला. त्यासाठी सर्वांना उपलब्ध असलेला एक हिशेब घेऊ. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि पुढे बेंगळुरूला गेलेल्या इन्फोसिसचा २०२२-२३ मधील एकत्रित करोत्तर नफा २४,१०८ कोटी रुपये होता. २०२३-२४ मध्ये तो २६,२४८ कोटी झाला. वाढ २,१४० कोटींची, म्हणजे सुमारे नऊ टक्क्यांची.

आता नफातोट्याच्या पत्रकातील प्रत्येक ओळीचा दोन वर्षांतील फरक काढायचा. महसूल १,४६,७६७ कोटींवरून १,५३,६७० कोटींवर गेला, फरक ६,९०३. सेवा पुरवण्याचा थेट खर्च १,०२,३५३ वरून १,०७,४१३ झाला. फरक ५,०६०, पण खर्च वाढला म्हणून नफ्याच्या दृष्टीने तो उणे. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. पत्रकात खर्चाचे आकडे अधिक चिन्हाने छापलेले असतात, फरकही अधिक येतो आणि तो तसाच आलेखात जातो. नियम साधा आहे: चिन्ह खर्च वाढला की घटला यावरून नव्हे, नफा वाढला की घटला यावरून ठरवायचे. त्याप्रमाणे विक्री व विपणन खर्च उणे ७२४, प्रशासकीय खर्च उणे २७७, इतर उत्पन्न अधिक २,०१०, व्याजखर्च उणे १८६ आणि प्राप्तिकर उणे ५२६. सर्वांची बेरीज बरोबर २,१४० येते. ती आली नाही, तर स्लाइडला हात लावू नये.

बेरीज न जुळण्याचे एक कारण याच कंपनीच्या आकड्यांत लपलेले आहे. वृत्तपत्रांत यंदाचा नफा २६,२३३ कोटी असाही छापून आला होता. तो मूळ कंपनीच्या भागधारकांच्या वाट्याचा नफा. उपकंपन्यांतील अल्पांश भागधारकांचा वाटा त्यातून वजा केलेला असतो. दोन्ही आकडे खरेच आहेत. पण एक खांब एका व्याख्येचा आणि दुसरा दुसऱ्या व्याख्येचा घेतला, तर १५ कोटींचे भोक पडते, आणि ते कुठल्या खर्चात हरवले हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

या सात फरकांच्या सात पायऱ्या केल्या, तर आलेख चूक ठरणार नाही. पण तो काही सांगणारही नाही. पहिले चार फरक मूळ धंद्याचे आहेत. ६,९०३ मधून ५,०६०, ७२४ आणि २७७ वजा केले की उरतात फक्त ८४२ कोटी. कामकाजाचा नफा आदल्या वर्षी ३०,९०५ कोटी होता. त्यावर ही वाढ तीन टक्क्यांनाही पोहोचत नाही. म्हणजे करोत्तर नफ्यातील नऊ टक्क्यांच्या वाढीमागे धंद्यापेक्षा मोठा वाटा ‘इतर उत्पन्न’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीचा आहे. त्या ओळीतील वाढीत मुख्यतः प्राप्तिकराच्या जुन्या परताव्यांवर मिळालेले व्याज आहे, सुमारे १,९०० कोटी रुपये. ते दरवर्षी येणारे नाही. पुढच्या वर्षी नफा किती राहील हे ज्याला ताडायचे आहे, त्याच्या दृष्टीने संपूर्ण पत्रकातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. म्हणून पायऱ्या पत्रकातील ओळींप्रमाणे करू नयेत, कारणांप्रमाणे कराव्यात. विक्री आणि प्रशासनाचा खर्च एकत्र करून एक पायरी, परताव्यावरील व्याजाची स्वतंत्र पायरी, आणि उरलेले इतर उत्पन्न व व्याजखर्च यांची मिळून एक. पॉवरपॉइंटच्या तक्त्यात मग हे भरायचे:

```
२०२२-२३ चा नफा       24108
महसूल                 6903
सेवेचा थेट खर्च       -5060
विक्री व प्रशासन      -1001
कर-परताव्याचे व्याज    1900
उर्वरित इतर            -76
प्राप्तिकर            -526
२०२३-२४ चा नफा       26248
```

Insert मधून Chart आणि त्यातून Waterfall निवडले की हा तक्ता उघडतो. हा प्रकार ऑफिस २०१६ पासून उपलब्ध आहे. आकडे भरल्याबरोबर जे चित्र उमटते ते पाहून अनेकजण दचकतात: शेवटचा खांब हवेत तरंगत असतो आणि त्याचा माथा ५२,४९६ वर पोहोचलेला असतो. कारण सॉफ्टवेअरला २६,२४८ हा निकाल आहे हे ठाऊक नसते. ते त्याला आणखी एक वाढ समजून आधीच्या २६,२४८ वर रचते. त्या एकट्या खांबावर दोनदा सावकाश क्लिक करून, मग उजवी कळ दाबून Set as Total निवडायचे. खांब खाली येऊन जमिनीला टेकतो. पहिल्या खांबालाही हेच करावे. तो जागेवर बरोबर असतो, पण रंग वाढीचा घेतो आणि गेल्या वर्षीचा अख्खा नफा ही जणू यंदाची कमाई असल्याचा भास होतो. जुन्या आवृत्तीत हा प्रकार नसेल, तर रचलेल्या स्तंभांचा साधा आलेख घेऊन खालचा भाग रंगहीन करतात. दिसायला तेच दिसते, मात्र प्रत्येक पायरीखालचा अदृश्य भाग स्वतः मोजावा लागतो.

यानंतर अक्षाचा पेच येतो, आणि इथे प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. अक्ष शून्यापासून ३२,००० पर्यंत ठेवला आणि आलेखाची उंची १२ सेंटिमीटर असली, तर एक हजार कोटींना जेमतेम चार मिलिमीटर मिळतात. २,१४० कोटींची सारी कहाणी आठ मिलिमीटरांत घडते आणि ‘उर्वरित इतर’ची पायरी केसाएवढी उरते. अक्ष २०,००० पासून सुरू केला, तर हजार कोटींना पूर्ण एक सेंटिमीटर मिळतो आणि पायऱ्या सुरेख दिसतात. पण त्याच क्षणी डावा खांब चार सेंटिमीटरांचा आणि उजवा सहाहून अधिक होतो. नऊ टक्क्यांची वाढ पाहणाऱ्याला दीडपट वाटते. माझे मत असे की पायऱ्या वाचता येणे महत्त्वाचे असल्याने अक्ष कापावा, परंतु लपवून नव्हे. दोन्ही खांबांच्या पायथ्याशी तुटीची नागमोडी खूण काढावी, अक्षावरचे आकडे काढून टाकावेत, प्रत्येक पायरीवर तिची रक्कम लिहावी आणि एका ओळीत सांगावे की खांब पूर्ण उंचीचे नाहीत.

पायऱ्यांचा क्रमही अर्थ बदलतो. वाढीच्या सर्व पायऱ्या आधी आणि घटीच्या नंतर अशी मांडणी दिसायला नीटनेटकी होते, पण मग महसुलाशेजारी कर-परतावा येऊन बसतो आणि धंदा व योगायोग एकत्र कालवले जातात. वरच्या क्रमात तिसऱ्या पायरीनंतर पातळी २४,९५० वर येते. तिथे एक तुटक उभी रेघ ओढून डावीकडे ‘कामकाजातून ८४२’ एवढेच लिहावे. डोळा आपोआप तिथे थांबतो.

मात्र महसूल आणि थेट खर्च अशा दोन उंच पायऱ्या प्रत्येक व्यवसायाला शोभत नाहीत. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, निमाडच्या बाजूला असलेल्या गंधवानीसारख्या कापूस पिकवणाऱ्या भागातील जिनिंगचा विचार करा. तिथे रुईचा भाव चढला की कपाशीचा खरेदीभावही चढतो. दोन प्रचंड पायऱ्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि हाती काही उरत नाही. अशा वेळी विक्री-खरेदीतील फरक, म्हणजे क्विंटलमागे सुटणारे पैसे हाच पाया धरावा. समजा, आदल्या वर्षी १०,००० क्विंटल कपाशीवर क्विंटलमागे ४०० रुपये सुटले, यंदा १२,००० क्विंटलवर ३५०. एकूण ४० लाखांचे ४२ लाख झाले. एकच दोन लाखांची पायरी दाखवली, तर सारे आलबेल वाटेल. पण वाढलेले २,००० क्विंटल जुन्या ४०० च्या दराने धरले की अधिक आठ लाख येतात, आणि ५० रुपयांची घट १२,००० क्विंटलवर धरली की उणे सहा लाख. दोन पायऱ्या, दोन वेगळ्या गोष्टी: माल जास्त आला, पण प्रत्येक क्विंटलमागे हातात कमी पडले. वाढ जुन्या दराने आणि दरातील फरक नव्या मालावर मोजणे हा संकेत आहे. उलटही करता येते आणि मग आकडे सात व उणे पाच येतात. कोणता संकेत पाळला हे स्लाइडच्या तळाशी लिहावे आणि दरवर्षी तोच पाळावा.

इन्फोसिसच्या स्लाइडकडे परतू. एक मर्यादा तिच्यातच लिहिलेली हवी. १,९०० कोटींचे व्याज करपूर्व आहे, तर खांब करोत्तर नफ्याचे. त्यामुळे २६,२४८ मधून ते थेट वजा करून ‘खरा नफा’ सांगता येत नाही. त्या व्याजावरचा कर शेवटच्या प्राप्तिकराच्या पायरीत मिसळलेला आहे. शिवाय रक्कम पूर्णांकित असल्याने तिच्यापुढे ‘सुमारे’ लिहावे आणि तिच्यासोबत बदलणाऱ्या उणे ७६ पुढेही.

आता उरले शीर्षक. ‘नफ्यातील बदल, २०२२-२३ ते २०२३-२४’ असे लिहून मोकळे होणे सोपे असते. ते चुकीचे नाही, पण मग सांगण्याचे सारे काम पाहणाऱ्यावर पडते. या स्लाइडवर मी लिहीन: ‘नफा २,१४० कोटींनी वाढला, त्यात कामकाजाचा वाटा ८४२ कोटी, करपूर्व.’ कर-परताव्याच्या पायरीला वाढीच्या हिरव्यापेक्षा वेगळा, फिका रंग देईन. मंडळातील कुणीतरी त्या रंगाबद्दल विचारीलच.