गावाचा रस्ता किती फुटांवर बुडतो?

पावसाळ्याच्या तोंडावर पूर व्यवस्थापनाचं सादरीकरण होतं. पडद्यावर नकाशा येतो, बोटींची यादी येते, नियंत्रण कक्षाचे नंबर येतात. पूरपट्ट्यातल्या गावकऱ्यांनी तिथे उभं राहून आधी एवढंच विचारावं: आमच्या गावाचा रस्ता नेमका किती फुटांवर बुडतो?

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. हे आकडे नदीकाठच्या पोराटोरांनाही पाठ असतात. पण चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत खरी मुदत रस्ता ठरवतो. रस्ता उघडा आहे तोवर ट्रॅक्टरमधून म्हशी आणि वैरण हलवता येते. रस्त्यावर पाणी चढलं की बोट उरते, आणि बोटीतून म्हैस नेता येत नाही. मग बायका-मुलं बाहेर पडतात, कर्ता माणूस दावणीपाशी थांबतो. इशारा देऊनही लोक हलत नाहीत, असं मग म्हटलं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं. जनावरं कुठल्या छावणीत बांधायची, वैरण कोण पुरवणार, दूध कुठे घालायचं, हे मे महिन्यात ठरलेलं नसेल तर त्याने कशाच्या भरवशावर निघावं?

दुसरा प्रश्न वेळेचा. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशासाठी थांबत नाहीत. धरणाखाली पडणारा पाऊस तर कुठल्याच दरवाजातून येत नाही, तो थेट नदीत उतरतो. म्हणून फक्त ‘अमुक क्युसेक विसर्ग सुरू’ एवढ्या निरोपाने काम भागत नाही. ‘रात्री दहापर्यंत पाणी तुमच्या वेशीवर येईल’ असा निरोप लागतो, आणि वीज गेल्यावर, मोबाइल बंद पडल्यावर तो दारोदार पोचवणारा माणूस नावानिशी ठरलेला लागतो.

2019 मध्ये अनेक घरं फसली ती 2005 च्या खुणेवर विसंबून. तेव्हा पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं, म्हणून याही वेळी थांबेल, हा हिशेब होता. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. 2021 मध्ये पुन्हा 56 च्या घरात. तेव्हा विचारायला हवं, आराखड्यातला निवारा कुठल्या पुराच्या पातळीवर तपासलाय?

बोटींच्या यादीपाशीही थांबावं. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं नेणारी बोट उलटली, 17 जणांचा जीव गेला. बोट गावात होती, पण क्षमतेहून जास्त माणसं चढली होती. म्हणून यादीतल्या प्रत्येक बोटीसमोर तिची क्षमता, लाईफ जॅकेटची संख्या आणि चालवणाऱ्याचं नाव लिहून मागावं. शिवाय गर्दी झाली की ‘आता बस, पुढच्या फेरीला’ असं ठामपणे सांगण्याचा अधिकार कुणाला दिलाय, हेही.