आधी लिहिणं थांबवा

वाशीतल्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात मी गेलो तो एका ओळखीच्या फोटोग्राफरमुळे. लग्नसराईचे फोटो ठेवलेल्या त्याच्या १ टीबीच्या हार्ड डिस्कमधून दोन फोल्डर नाहीसे झाले होते. डिस्क जवळपास भरलेली होती. नवे फोटो टाकताना एरर यायची, म्हणून त्याने जुन्या फाइली उडवून जागा करायला सुरुवात केली होती. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डिलीट केल्यावर परत काही टाकलं का?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण सगळं त्यावरच अवलंबून होतं. फाइल डिलीट केली तरी आतला मजकूर लगेच पुसला जात नाही. ती जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. भरलेल्या डिस्कवर दुसरी मोकळी जागाच नसते. त्यामुळे पुढचा फोटो नेमका तिथेच जाऊन बसतो, आणि गेलेली फाइल खरोखर जाते.

दुकानदाराने आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहिलं. कमी वीज मिळाली तरी अशाच एरर येतात आणि हा उपाय फुकटचा. डिस्क कानाजवळ धरली. टकटक आवाज आला असता तर तिथेच बंद करून पुण्याच्या लॅबकडे पाठवली असती, असं तो म्हणाला. आवाज नव्हता. मग त्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. विंडोज डिस्क जोडताच तिच्यावर आपणहून काहीबाही लिहितं, ते टाळायचं होतं. smartctl -a ने डिस्कची प्रकृती पाहिली. वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर: ४८.

"अठ्ठेचाळीस," तो दोनदा म्हणाला. मला तो आकडा किरकोळ वाटला. ५१२ बाइटचे ४८ सेक्टर म्हणजे अवघे २४ केबी, त्यात एक फोटोही मावत नाही. पण विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका तक्त्यात असते आणि ती साधारण १ केबीची असते. खराब जागा त्या तक्त्यातच असेल तर ४८ सेक्टरमध्ये चोवीस नोंदी जातात. त्यातली एखादी फोल्डरची असली की त्याच्या पोटातलं सगळं दिसेनासं होतं. फोटो मात्र जागच्या जागी असतात.

म्हणून दुरुस्ती आधी नाही, नक्कल आधी. त्याने २ टीबीची कोरी डिस्क जोडली आणि lsblk मध्ये दोघींचे आकडे मोठ्याने वाचले: जुनी 931.5G, नवी 1.8T. उलटसुलट झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते, म्हणून हे वाचन तो कधी चुकवत नाही. मग नवी डिस्क फॉरमॅट करून /mnt/navi वर माउंट केली, आणि जुनी /dev/sdb असल्याने:

```
ddrescue -d -n /dev/sdb /mnt/navi/lagna.img /mnt/navi/lagna.map
ddrescue -d -r3 /dev/sdb /mnt/navi/lagna.img /mnt/navi/lagna.map
```

पहिली फेरी सहज वाचता येतं ते उचलते आणि अडलेल्या जागी रेंगाळत नाही. दुसरी त्याच अडलेल्या जागांवर तीनदा परत जाते. map फाइलमध्ये काय झालं, काय राहिलं याची नोंद असते. मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने पहिली फेरी पावणेतीन तासांची. फोटोग्राफर दारात येरझाऱ्या घालत होता. "चेकडिस्क का नाही मारत?" त्याने विचारलं. घाईत बहुतेक जण तेच करतात, आणि मला ते घातक वाटतं: chkdsk /f मूळ डिस्कवरच लिहितं. तुटलेल्या नोंदी जुळवताना काही फाइली FILE0000.CHK अशा नावाच्या तुकड्यांत उरतात. आजारी डिस्कला वर मेहनत पडते ती वेगळीच.

दुसऱ्या फेरीनंतर ८ केबी तेवढे वाचायचे राहिले. इथून पुढचं सगळं नकलेवर. मूळ डिस्क कपाटात गेली. टेस्टडिस्कने एक फोल्डर नावांसकट दाखवलं. दुसऱ्याची नोंद त्या ८ केबीत गेली होती, त्यामुळे फोटोरेकने फोटो त्यांच्या आतल्या खुणेवरून शोधून काढले. नावं गेली, पण कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेल्या तारखेवरून हळद आणि लग्न वेगळं करता आलं.

वरातीचा व्हिडिओ मात्र पूर्ण मिळाला नाही. डिस्क भरत आली की मोठ्या फाइलीला सलग जागा मिळत नाही, ती फटीफटीत तुकड्यांनी बसते. फाइलची स्वतःची नोंदही गेली की कुठला तुकडा कुठल्यापुढे हे सांगणारं कुणी उरत नाही. फोटो लहान, बहुतेक सलग, म्हणून वाचले. व्हिडिओ उघडला तर चार सेकंद बँड वाजला आणि चित्र गोठलं.

फोटोग्राफरने विचारलं, जुनी डिस्क फॉरमॅट करून चालेल का? "नको दादा," दुकानदार म्हणाला. "आणि नव्या दोन घ्या. दोन्हींवर तेच ठेवायचं, आणि दीडशे जीबी मोकळे राहिले की पुढची घ्यायची." वरातीसाठी त्याने कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड मागवलं. त्यावर नवं लग्न अजून शूट झालेलं नव्हतं.