सोमवारचा पांढरा

22 सप्टेंबर 2025, सोमवार. घटस्थापना आणि नवरंगांतला पहिला रंग पांढरा. हे रंग वारावरून ठरतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, शुक्रवारी हिरवा. ही चाल पुराणातली नाही, साधारण वीस वर्षांपूर्वी ‘महाराष्ट्र टाइम्स’ने ती लोकप्रिय केली. पण दुर्गोत्सवासाठी कोलकात्याच्या खालोखाल आपलंच नाव घेणाऱ्या यवतमाळात आता शाळा, बँका, कचेऱ्या सगळीकडे ती पाळली जाते.

पांढरा सोपा वाटतो, आणि फसतो तोच. इथल्या एका शाळेतल्या शिक्षिकेने कपाटातली मोतिया सुती साडी काढली आणि तिच्यावर नवा पांढराशुभ्र ब्लाउज घातला. आरशात ब्लाउज झकास दिसत होता. साडी मात्र धुवायची राहून गेल्यासारखी.

साडी स्वच्छच होती. गडबड शेजाराची होती. बाजारातल्या शुभ्र कापडावर आधी ब्लीचिंग होतं, मग त्याला चमक देणारं रसायन लावतात. ते उन्हातली डोळ्यांना न दिसणारी किरणं शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. आजीच्या निळीचंच काम, फक्त जास्त जोरदार. अशा निळसर पांढऱ्याशेजारी पिवळसर झाक असलेला कुठलाही पांढरा मळका वाटतो.

कापसाच्या जिल्ह्यात हे नव्याने सांगायला नको. पहिल्या वेचणीचा कापूस, पावसात भिजलेला आणि किडीने पिवळी पडलेली कवडी शेजारी ठेवली की शेतकरी लांबूनच फरक सांगतो. पहिल्या वेचणीचा तो चांगला कापूसही कागदासारखा पांढरा नसतो, सायीकडे झुकतो. प्रतवारीतसुद्धा कापूस किती उजळ आहे आणि किती पिवळा, ही दोन मापं वेगवेगळी घेतात. कपडे जुळवतानाही नेमकं हेच करायचं असतं. पिवळेपणाची जात सगळीकडे एक ठेवायची आणि उजळपणा मुद्दाम कमीजास्त करायचा.

शिक्षिका साडी पिशवीत घालून मॅचिंग सेंटरमध्ये गेल्या. दुकानदाराने टू बाय टूचे चार तागे उलगडले. ट्यूबलाइटखाली चारही सारखेच वाटले. “उजेडात पाहून घ्या जी, ताई,” असं म्हणत त्याने तागे दारात आणले. तिथे एक निळा निघाला, एक किंचित गुलाबी. उरलेल्या दोनांपैकी एक साडीशी जवळजवळ जुळत होता. त्यांनी तोच उचलला, पण दुकानदाराने अडवलं.

त्याचं बरोबर होतं. अर्ध्या छटेचा फरक राहिला की बघणाऱ्याला वाटतं, जुळवायला गेले आणि जमलं नाही. फरक चार पावलांवरून दिसला तरच तो हेतूने ठेवलेला वाटतो. म्हणून शेवटी दाट सायीच्या रंगाचं, विणीतच बारीक चौकडी असलेलं कापड ठरलं. पांढऱ्यात रंगाला वाव थोडा असतो, तेव्हा पोताला काम द्यावं लागतं. सपाट सुतावर उठावाची वीण आली की वेगळेपण लगेच कळतं.

आता दोन टोकं झाली, मोतिया आणि साय. त्यांना बांधणारं तिसरं काही हवं होतं. ते साडीच्या काठातच होतं, बिस्किटी रंगाची दोन बोटं रुंद पट्टी. त्याच रंगाची गोट ब्लाउजच्या बाहीला लावायची ठरली. सगळ्यात गडद छटा सगळ्यात कमी जागेत, पण दोन ठिकाणी. एकाच ठिकाणी असती तर ती उरलेल्या कापडाची वाटली असती.

घरी आल्यावर मात्र परकराने घोळ घातला. साडी पातळ, परकर शुभ्र. निऱ्यांना घड्या असल्याने तिथे काही दिसेना, पण एकेरी पदराखाली, कमरेच्या बाजूला निळसर पट्टा उमटला. परकर अंगाच्या रंगाचा घेतला आणि पट्टा गेला. फॉलही तपासावा लागला, कारण चालताना काठाखालून तो डोकावतो आणि पांढऱ्या साडीला दुकानं सर्रास शुभ्र फॉल लावून देतात.

रात्रीच्या मंडपाची गोष्ट वेगळी. गरब्याच्या जांभळ्या दिव्यांत चमकीचं रसायन लावलेलं कापड झगझगतं आणि सायीचं विझल्यासारखं होतं. तिथे हा संच चालणार नाही. तो दिवसाचा आहे.

आणखी एक. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत तेच चमकीचं रसायन असतं. ब्लाउज दर वापरानंतर आणि साडी चार महिन्यांनी धुतली, तर वर्षभरात ब्लाउज निळ्याकडे सरकतो आणि जमलेली जोडी मोडते. दोन्ही एकत्रच भिजवावीत, आणि तेही चमक न देणाऱ्या साबणात. कापड घ्यायला जाताना मोबाइलमधला फोटो नको, साडीच न्या, आणि दिवस मावळायच्या आत जा.